उंचीचं बटण वेगळं, कडकपणाचं वेगळं

एअर सस्पेन्शनची गाडी घेतलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात एक मोह होतो. रस्ता खराब दिसला की गाडी वर उचलायची, महामार्ग लागला की ‘स्पोर्ट’ लावायचं आणि सामान भरलं की दोन्ही करायचं. बटणं हाताशी असतात, पडद्यावर गाडीचं चित्र वर-खाली होतं आणि आपण काहीतरी योग्य केल्याचं समाधान मिळतं. प्रत्यक्षात यातल्या निम्म्या वेळा गाडी पूर्वीपेक्षा वाईट चालू लागते. उंची आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या दोन वेगळे भाग सांभाळतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या प्रश्नाला असतं, हे लक्षात न घेतल्याचा तो परिणाम.

उंची सांभाळतो हवेचा फुगा. लोखंडी स्प्रिंगच्या जागी जाड रबराची, आत दोऱ्यांचं विणकाम असलेली पिशवी असते. गॅरेजमध्ये तिला बलून किंवा बेलो म्हणतात. कॉम्प्रेसर तिच्यात हवा भरतो, झडप हवा सोडते आणि प्रत्येक चाकाजवळचा उंची मोजणारा सेन्सर बॉडी चाकापासून किती वर आहे ते सांगत राहतो. गचका मात्र फुगा जिरवत नाही. दाबला गेलेला फुगा पुन्हा उसळतो. ती उसळी थांबवायचं काम शॉकअपचं. जुळवून घेणाऱ्या, म्हणजे ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ शॉकअपमध्ये विजेवर चालणारी झडप असते. ती तेलाची वाट अरुंद करते तेव्हा शॉकअप कडक होतो, रुंद करते तेव्हा मऊ. कम्फर्ट, ऑटो आणि स्पोर्ट ही नावं मुख्यतः या झडपेची आहेत. काही गाड्यांत ‘स्पोर्ट’ दाबल्यावर गाडी थोडी खालीही बसते, त्यामुळे दोन्ही कामं एकच असल्याचा समज होतो.

हा हिशेब एका प्रवासावर मांडून पाहू. ठाण्याचं एक पाच माणसांचं कुटुंब समृद्धी महामार्गानं मेहकरकडे निघालं आहे. तिथून पुढे डांबर सोडून शेतावरच्या वस्तीपर्यंत कच्चा रस्ता आहे आणि परतताना घरचा गहू आणायचा आहे. गाडी तीन रांगांची, मोठी, एअर सस्पेन्शनची. या एका फेरीत वेग, खराब रस्ता आणि ओझं हे तिन्ही येतात.

महामार्गावर: वेगात गाडीला काय हवं असतं

समृद्धीवर मोटारींना सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. या वेगात उंचीबद्दल चालकानं काही करायचं नसतं. बहुतेक गाड्या विशिष्ट वेगानंतर स्वतःच खाली बसतात. रेंज रोव्हरसारखी गाडी ताशी १०५ किलोमीटर ओलांडल्यावर साधारण १५ मिलिमीटर खाली येते. गाडी खाली आली की तिच्या पोटाखालून जाणारी हवा कमी होते आणि गुरुत्वमध्यही खाली येतो.

गुरुत्वमध्याची गोष्ट आकड्यांत पाहिली की उचललेल्या गाडीचा धोका कळतो. गाडी उलटण्याला किती विरोध करते हे ढोबळमानानं मोजायचं तर दोन चाकांमधल्या रुंदीचा अर्धा भाग घ्यायचा आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीनं भागायचं. समजा चाकांमधलं अंतर १.६६ मीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.७२ मीटरवर. भागाकार येतो १.१५. आता गाडी उचलली आणि गुरुत्वमध्य ५५ मिलिमीटर वर गेला, तर भागाकार १.०७ होतो. म्हणजे एका बटणानं सुमारे सात टक्के स्थैर्य गेलं. शेतावर ताशी वीसच्या वेगात याला काही अर्थ नाही. पण महामार्गावर पुढे अचानक टायरचा तुकडा दिसला आणि स्टिअरिंग झटक्यानं फिरवावं लागलं तर हेच सात टक्के महाग पडतात. म्हणूनच गाड्या उचललेल्या उंचीवर वेगाची मर्यादा घालतात आणि ती ओलांडली की न विचारता गाडी खाली आणतात. पडद्यावर तसा संदेश आला की तो बिघाड नसतो.

कडकपणाचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. वेग म्हणजे स्पोर्ट, हे समीकरण काँक्रीटच्या रस्त्यावर फसतं. काँक्रीटच्या रस्त्यात लादीनंतर लादी असते आणि आडवे सांधे साधारण साडेचार मीटरवर येतात. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर, म्हणजेच सेकंदाला सहा सांधे. ताशी १२० ला ते सातच्या पुढे जातात. माणसाचं बसलेलं शरीर उभ्या हादऱ्यांना सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यातच सर्वांत जास्त कंटाळतं. पोट आणि पाठीचा कणा नेमके याच तालावर हलू लागतात. गाडीची बॉडी फुग्यावर स्वतःच्या तालानं सेकंदाला एक-दीड वेळा झुलते, तर चाक दहा-पंधरा वेळा थरथरतं. सांध्यांचा ताल या दोहोंच्या मध्ये येतो. इथे शॉकअप कडक केला तर तो चाकाचा हादरा थेट बॉडीत पोचवतो. दोन-तीन तासांत मागच्या सीटवरच्या आजी-आजोबांची पाठ बोलू लागते आणि स्थैर्यात काही मिळालेलं नसतं.

मग कडक शॉकअप हवा कुठे? जिथे रस्ता लांब लाटेनं वर-खाली होतो तिथे. पुलाच्या दोन्ही तोंडांशी भराव थोडा खचलेला असतो. तिथून वेगानं जाताना गाडी एकदा वर उचलली जाते आणि मग खाली बसते. ही हालचाल संथ, बॉडीच्या स्वतःच्या तालाजवळची असते. तिला शॉकअपनं आवरलं नाही तर गाडी पूल ओलांडल्यावरही झुलत राहते, पुढची चाकं क्षणभर हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल वाटतं.

यातून एक साधी चाचणी मिळते. पुलाच्या उंचवट्यावरून गेल्यावर गाडी एकदा खाली बसून स्थिर झाली तर आहे तो मोड बरोबर आहे. ती दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा झुलली तर एक पायरी कडक करावी. उलट, गाडी झुलत नाही पण प्रत्येक सांधा कमरेत जाणवतो असं असेल तर एक पायरी मऊ करावी. दोन्ही गोष्टी आळीपाळीनं येणाऱ्या रस्त्यावर ‘ऑटो’ सर्वांत बरा. त्यात झडप बॉडीच्या संथ हालचालीला कडक आणि चाकाच्या जलद थरथरीला मऊ राहण्याचा प्रयत्न करते. हे निर्णय ती सेकंदाला कितीतरी वेळा घेते, चालकाच्या बोटाला ते जमणारं नाही. ‘स्पोर्ट’ वळणावळणाच्या, पण गुळगुळीत घाटरस्त्यावर उपयोगी. तिथे गाडीचं एका बाजूला कलणं कमी होतं.

महामार्गावरून उतरताना एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वेगात खाली बसलेली गाडी वेग उतरल्या क्षणी वर येत नाही. टाकीतली हवा फुग्यांत जायला वेळ लागतो, काही गाड्यांत वेग बराच कमी झाल्यावरच ती क्रिया सुरू होते. बाहेर पडल्यावर पहिल्याच गावात गतिरोधक असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे बांधलेला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो आणि त्यावर मोठी गाडी कधीच अडत नाही. पण गावातले सगळे गतिरोधक मापानं बांधलेले नसतात. अरुंद आणि उंच उंचवटा दिसला तर गाडी नेहमीच्या उंचीवर आल्याचं पडद्यावर पाहून मगच पुढे जावं.

कच्च्या रस्त्यावर: उचलायची कधी

आता कुटुंब मेहकर सोडून शेताच्या रस्त्याला लागलं आहे. बैलगाडी-ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल गेल्या आहेत आणि मधला उंचवटा गवतानं झाकलेला आहे. गाडी उचलायची ती इथे. उंची वाढवण्याचं कारण एकच असावं: गाडी खालून लागण्याची भीती. चेंबर, सायलेन्सर किंवा इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीचं खोकं दगडाला टेकेल असं दिसलं तरच उचलावी. अनेक गाड्या ६० ते ७५ मिलिमीटर वर जातात. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यासाठी तेवढं बहुधा पुरतं.

पण रस्ता नुसता खड्ड्यांचा असेल, खालून काहीच लागत नसेल, तर उचललेली गाडी जास्त त्रास देते. याचं कारण चाकाच्या प्रवासात आहे. चाकाला वर जायला आणि खाली लोंबायला मिळून ठरावीक जागा असते. समजा नेहमीच्या उंचीवर चाक १०० मिलिमीटर वर जाऊ शकतं आणि ११० मिलिमीटर खाली. गाडी ६० मिलिमीटर उचलली की वरची जागा १६० होते, पण खालची फक्त ५० उरते. आता ८० मिलिमीटर खोल खड्डा आला. चाकाला ८० खाली जायचं आहे, जागा ५० आहे. ते मध्येच लोंबत्या टोकाला आदळतं, ‘टक’ असा कोरडा आवाज येतो आणि उरलेल्या अंतरासाठी गाडीचा तो कोपराच खड्ड्यात कलंडतो. नेहमीच्या उंचीवर चाक खड्ड्याच्या तळाशी टेकलं असतं आणि आतल्या माणसांना त्याचा थोडाच पत्ता लागला असता. उचलल्यावर असा कोरडा आवाज वारंवार येऊ लागला की गाडी गरजेपेक्षा वर आहे असं समजावं.

शॉकअप इथे मऊ हवा. दगडगोट्यांवर प्रत्येक चाकाला वेगळं वर-खाली होता आलं पाहिजे, नाहीतर ते जमिनीचा धरच सोडतं. कम्फर्ट किंवा गाडीत असेल तर ऑफरोड मोड ठेवावा आणि वेग कमी करावा. मऊ शॉकअप लावून वेग वाढवला तर मोठ्या खड्ड्यात चाक वरच्या टोकाला जाऊन आदळतं. तो धक्का घुमतो आणि जोरात बसतो. हा आवाज आला तर बटणाकडे पाहू नये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा.

उंची वारंवार बदलत राहणंही टाळावं. फुगे भरताना कॉम्प्रेसर तापतो. लागोपाठ वर-खाली केल्यावर तो स्वतःला बंद करून थंड होण्याची वाट पाहतो. नेमकं त्याच वेळी पुढे नाला असला तर पंचाईत. कच्चा रस्ता सुरू होण्याआधी सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, दारं बंद करून एकदा उचलावी आणि डांबर लागल्यावर एकदा उतरवावी.

परतताना: गव्हाचे कट्टे

तिसरा प्रश्न ओझ्याचा. इथे एअर सस्पेन्शन सर्वांत चांगलं काम करतं आणि सर्वांत जास्त फसवतंही.

लोखंडी स्प्रिंगच्या गाडीत मागे ओझं टाकलं की ती मागून बसते, पुढून वर पाहते आणि रात्री दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. फुग्यांची गाडी असं होऊ देत नाही. ओझं वाढलं की सेन्सरला बॉडी खाली आलेली कळते, कॉम्प्रेसर मागच्या फुग्यांत दाब वाढवतो आणि गाडी पुन्हा समतल होते. वर जास्त दाबाचा फुगा तितक्याच प्रमाणात कडकही होतो. त्यामुळे रिकामी गाडी आणि भरलेली गाडी जवळपास एकाच तालात झुलतात. लांबच्या बसगाड्यांना हवेचे फुगे बसवतात ते याचसाठी. दहा प्रवासी असोत वा पन्नास, बसची चाल फारशी बदलत नाही.

फसवणूक अशी की, मागून बसलेली गाडी ही पूर्वी जास्त ओझ्याची खूण होती. ती खूण आता दिसत नाही. गाडी सरळ उभी आहे, म्हणजे ओझं मर्यादेत आहे असं वाटतं. फुग्यानं गाडी उचलली तरी टायर, ॲक्सल आणि ब्रेक यांची मर्यादा तीच राहते.

म्हणून हिशेब कागदावरच करावा लागतो. समजा गाडीचं रिकामं वजन २४०० किलो आणि कमाल एकूण वजन ३१०० किलो आहे. मग माणसं आणि सामान मिळून ७०० किलो चालतात. रिकाम्या वजनात चालक धरला आहे की नाही ते मालकाच्या पुस्तिकेत पाहावं. पाच माणसं सरासरी ६५ किलोची धरली तर ३२५, बॅगा ७५, एकूण ४००. उरले ३००, म्हणजे पन्नास किलोचे सहा कट्टे. सातवा कट्टा घातला तरी गाडी तितकीच सरळ उभी राहील, पण ती मर्यादेबाहेर असेल.

कट्टे कुठे ठेवता यानंही फरक पडतो. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर तीन मीटर धरू. सहा कट्टे अगदी शेवटी, मागच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर मागे रचले, तर मागच्या चाकांवर ३०० ऐवजी ३५० किलो पडतात आणि पुढच्या चाकांवरून ५० किलो उचलले जातात. फुगे गाडी समतल करतील, पण हे पन्नास किलो पुढच्या चाकांना परत देऊ शकणार नाहीत. वेगात स्टिअरिंग हलकं वाटतं ते यामुळे. तिसरी रांग पाडून हेच कट्टे मधल्या सीटच्या पाठीला टेकवून, ॲक्सलच्या वर आणले तर पुढचं वजन कमी होत नाही. टपावर मात्र एकही कट्टा नको. टपाची मर्यादा फार कमी असते आणि गुरुत्वमध्य वर जातो तो वेगळाच.

कडकपणाबद्दल आता एक सूक्ष्म गोष्ट. ओझ्याबरोबर फुगा आपोआप कडक होतो, शॉकअप होत नाही. कम्फर्टमध्ये जो शॉकअप रिकाम्या गाडीला पुरत होता, तो ७०० किलो जास्तीच्या गाडीला कमी पडतो. जाताना पुलावर एकदा बसणारी गाडी येताना दोन-तीनदा झुलते. त्यामुळे भरलेल्या गाडीला महामार्गावर एक पायरी कडक मोड देणं योग्य ठरतं, आणि वेग जातानापेक्षा कमी. उंचीला हात लावू नये. भरलेली गाडी वर उचलून वेगात चालवणं म्हणजे जड ओझं आणि वर गेलेला गुरुत्वमध्य अशी दुहेरी जोखीम.

या सगळ्याआधी टायरची हवा. चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर बहुधा दोन आकडे असतात, एक नेहमीसाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. कट्टे भरण्याआधी, टायर थंड असताना, दुसऱ्या आकड्यापर्यंत हवा भरावी. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि ते तापणं कुठल्याही सस्पेन्शनला कळत नाही.

बिघडतं काय आणि ओळखायचं कसं

फुग्याचं रबर घड्यांवर चिरतं. पहिली खूण सकाळी दिसते: सपाट जागी उभी केलेली गाडी एका कोपऱ्यात बसलेली असते आणि चालू केल्यावर पुन्हा वर येते. हे टाळण्यासारखं नाही, कारण गळणाऱ्या फुग्याला भरता भरता कॉम्प्रेसर सतत चालत राहतो आणि शेवटी जळतो. मग एका फुग्याच्या खर्चात कॉम्प्रेसरचीही भर पडते. शंका आली तर चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर रात्री आणि सकाळी मोजावं. गॅरेजवाला साबणाचं पाणी मारून बुडबुड्यांवरून गळती शोधतो.

गाडी गळत नाही, पण चुकीच्या उंचीवर उभी राहते, असं असेल तर संशय उंचीच्या सेन्सरवर घ्यावा. त्याचा बारीक दांडा कच्च्या रस्त्यावर दगडानं वाकतो किंवा चिखलात अडकतो. पावसाळ्यात शेतावरून आल्यावर चाकांच्या कमानी आणि फुग्यांच्या घड्या पाण्यानं धुतल्या तर हा त्रास बराच कमी होतो. चाक बदलताना गाडीच्या मेनूतला जॅक मोड आधी लावावा. नाहीतर गाडी स्वतःला समतल करायच्या नादात जॅकवर हलू शकते. आणि नुसत्या हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये.

गाडी घेतानाच हा निर्णय करायचा असेल तर प्रश्न वेगळे विचारावेत. ओझं रोज बदलत असेल, तिसरी रांग वारंवार भरत असेल किंवा खालून लागणारे रस्ते नेहमीचे असतील, तर फुग्यांचा खर्च वसूल होतो. बहुतेक वेळा दोन-तीन माणसं आणि महामार्गच असेल, तर लोखंडी स्प्रिंगवरचे अ‍ॅडॅप्टिव्ह शॉकअप पुरेत. वेगातली स्थिरता आणि आराम मुख्यतः त्यांच्यातूनच येतो, आणि त्यांना ना कॉम्प्रेसर लागतो, ना फुगे.